भिंतीपलीकडचा टीव्ही

नाशिकला आईबाबांच्या घरी फायबरची वायर दिवाणखान्याच्या खिडकीतून आत येते आणि दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या राउटरमध्ये संपते. टीव्हीही पूर्वी तिथेच, समोरच्या भिंतीवर होता. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि टीव्ही मागच्या झोपायच्या खोलीत गेला. राउटर मात्र होता तिथेच राहिला. दोघांमध्ये जेमतेम अकरा मीटरचं अंतर, पण त्या अकरा मीटरांत स्वयंपाकघर, फ्रीज आणि विटांच्या दोन भिंती होत्या. तेव्हापासून बाबांची तक्रार एकच : दुपारी सिनेमा छान चालतो, रात्री मॅच लावली की मधेच चित्र थांबतं आणि ते गोल चक्र फिरत बसतं.

फोनवरून दिलेले सल्ले एकमेकांच्या उलट होते. माझा भाऊ म्हणाला, “फाइव्ह गिगाहर्ट्झवर टाका, तो वेगवान असतो.” इंटरनेट जोडून देणारा मुलगा म्हणाला, “काका, टीव्ही लांब आहे ना, मग टू पॉइंट फोरच ठेवा.” दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. दिवाळीला गेलो तेव्हा टीव्हीजवळ बसून दोन्ही बँड मोजले, आणि लक्षात आलं की आम्ही प्रश्नच चुकीचा विचारत होतो. कुठला बँड वेगवान आहे, याच्याशी टीव्हीला फारसं देणंघेणं नसतं. त्याला हवा असतो तो मर्यादित पण न तुटणारा प्रवाह. तो रात्री नऊ वाजता, खोलीचं दार बंद असताना, कुठल्या बँडवरून मिळतो एवढंच शोधायचं असतं.

टीव्हीची भूक किती?

आधी ही भूक नेमकी किती ते पाहू. नेटफ्लिक्स आपल्या प्रेक्षकांना सांगतं, की साध्या एचडी चित्राला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग पुरेसा आहे. इतर सेवांचे आकडे थोडे कमी-जास्त असतील, पण २५ एमबीपीएस सलग मिळाले तर घरच्या टीव्हीला सहसा काही कमी पडत नाही. आज फायबरच्या बऱ्याच योजना याहून कितीतरी अधिक वेग देतात. म्हणजे घरात येणारा नळ मोठा आहे आणि टीव्हीचा पेला लहान. अडचण आहे ती नळापासून पेल्यापर्यंतच्या वाटेत.

सिनेमा नीट चालतो आणि मॅच अडकते, याचंही कारण इथेच आहे. सिनेमा आधीच तयार असतो, त्यामुळे टीव्ही पुढचा बराच भाग आधी उतरवून साठवून ठेवतो. मधे काही सेकंद वाय-फाय ढेपाळलं तरी साठ्यावर निभावतं आणि आपल्याला कळतही नाही. थेट सामन्यात पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नसतो, मग साठवणार काय? साठा थोड्याच सेकंदांचा असतो आणि तेवढ्या वेळापेक्षा मोठा खंड पडला की चित्र थांबतं. म्हणून वाय-फायची परीक्षा घ्यायची ती थेट प्रक्षेपण लावून. सिनेमा लावून घेतलेली परीक्षा अर्धवट असते.

भिंत कुणाला अडवते?

आता या दोन बँडांकडे वळू. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते, ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. लांबी कमी झाली की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे, लहान लहरीसाठी बनवलेला अँटेनाही लहान असतो आणि तो हवेतून कमी शक्ती गोळा करतो. त्यामुळे मोकळ्या जागेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ च्या साधारण पाचव्या हिश्शाइतकाच हाती लागतो. ऐकायला हे मोठं नुकसान वाटतं, पण एका मोठ्या खोलीत त्याने काही बिघडत नाही, कारण पाचवा हिस्साही तिथे पुरून उरतो.

खरा फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीने, म्हणजे भिंतीने. वीट, गिलावा आणि काँक्रीट लहान लहरीला अधिक शोषतात. काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्यांची जाळी आणखी अडथळा करते. फ्रीज, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हे तर सरळ सिग्नल परतवतात, कारण धातूतून या लहरी जात नाहीत आणि आरशाच्या मागेही धातूचा पातळ थर असतो. पाणी भरलेली टाकी किंवा माशांची काचपेटीही वाटेत आली तर बराच सिग्नल खाते. म्हणून “टीव्ही किती फूट लांब आहे” या प्रश्नापेक्षा “राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये दोरी ताणली तर ती कशाकशातून जाईल” हा प्रश्न अधिक उपयोगाचा. आमच्याकडे ती दोरी फ्रीजमधून आणि दोन भिंतींमधून जात होती.

इथपर्यंत वाचून वाटेल, की लांबच्या टीव्हीसाठी २.४ च बरा. इंटरनेट जोडणारा मुलगाही याच हिशोबाने बोलत होता. पण बाबांचा टीव्ही २.४ वरच होता, सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसत होत्या, आणि तरीही रात्री चक्र फिरत होतं.

काड्या भरलेल्या, तरी चित्र थांबलेलं

वाय-फायचं प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं. त्याच चॅनलवर दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतं, तो गप्प झाला की आपला निरोप पाठवतं. हा नियम तुमच्या घरातल्या यंत्रांपुरता नाही. वरच्या मजल्यावरचा राउटर तुमच्याच चॅनलवर असेल आणि त्याचा आवाज तुमच्या टीव्हीपर्यंत येत असेल, तर तुमच्या टीव्हीलाही त्याच्या मागे रांगेत उभं राहावं लागतं. सिग्नलच्या काड्या राउटरचा आवाज किती मोठा येतो तेवढंच सांगतात. रांग किती मोठी आहे, ते सांगत नाहीत.

२.४ च्या बँडमध्ये जागा मुळात थोडी. आपल्याकडे त्यात १ ते १३ अशी चॅनलं दिसतात, पण ती एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि वाय-फायला एका वेळी निदान २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. त्यामुळे एकमेकांना धक्का न लावता शेजारी शेजारी राहू शकतील अशी चॅनलं तीनच उरतात : १, ६ आणि ११. या तीन वाटांवरून अख्ख्या इमारतीची वाहतूक चालते. त्यात ब्लूटूथचे हेडफोन, स्पीकर आणि पुष्कळ टीव्हींचे आवाजी रिमोट याच बँडमध्ये बोलतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. भिंतीपलीकडे पोचण्याचा २.४ चा गुण इथे उलटतो : आपला सिग्नल जितक्या सहज शेजारी जातो, तितक्याच सहज शेजाऱ्यांचा आपल्याकडे येतो.

५ गिगाहर्ट्झचं नेमकं उलट आहे. जी भिंत आपला ५ चा सिग्नल अडवते, तीच भिंत शेजाऱ्याचाही अडवते. शिवाय या बँडमध्ये जागाही भरपूर. भारत सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या बँडचे मोठे पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले आणि त्यानंतर आपल्याकडच्या राउटरांना पसरायला ऐसपैस जागा मिळाली. म्हणून ५ चा सिग्नल टीव्हीपर्यंत थकून पोचला, तरी पोचल्यावर त्याला रांगेत फारसं उभं राहावं लागत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. वाय-फायच्या नावामागे दिसणारं `_5G` म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. तिथे ‘जी’ म्हणजे पिढी, इथे ‘जी’ म्हणजे गिगाहर्ट्झ. फोन फाइव्ह-जी नसला तरी तो या नावाला जोडता येतो. फक्त त्या यंत्रात ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय असायला हवं.

टीव्हीच्या जागी बसून मोजा

मोजणीला सुरुवात राउटरपासून करावी. राउटरशेजारी उभं राहून, ५ गिगाहर्ट्झवर जोडलेल्या फोनवर वेग तपासायचा. तिथेही रात्री वेग पडत असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे आणि बँड बदलून काही होणार नाही. आमच्याकडे राउटरशेजारी रात्री नऊलाही ९० एमबीपीएसच्या वर वेग येत होता, योजना शंभरची होती. म्हणजे बाहेरची वाट ठीक होती.

दुसरं काम म्हणजे दोन्ही बँडांना वेगळी नावं देणं. हल्ली बहुतेक राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली दाखवतात आणि कुठलं यंत्र कुठे न्यायचं ते स्वतः ठरवतात. हातात घेऊन हिंडायच्या फोनसाठी हे सोयीचं आहे. टीव्ही मात्र भिंतीवरून हलत नाही, आणि राउटर त्याला कधी इकडे तर कधी तिकडे ढकलत राहिला तर प्रत्येक वेळी जोडणी क्षणभर तुटू शकते. तुलना करायची तर टीव्ही एका जागी बांधून ठेवावाच लागतो. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, बहुधा `192.168.1.1` सारखा. फोन वाय-फायला जोडून ब्राउजरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. त्यात `Smart Connect` किंवा `Band Steering` असं काही दिसलं तर ते बंद करायचं आणि ५ च्या नावामागे `_5G` जोडायचं. पासवर्ड दोन्हीला तोच ठेवला तर घरच्यांचा गोंधळ होत नाही.

आता टीव्हीच्या वाय-फाय यादीत दोन्ही नावं दिसायला हवीत. फोनला दिसणारं `_5G` नाव टीव्हीला दिसत नसेल, तर बहुधा त्या टीव्हीत फक्त २.४ चंच वाय-फाय आहे. कमी किमतीच्या बऱ्याच टीव्हींचं असं असतं. पण तसं ठरवण्याआधी एकदा राउटरचं ५ चं चॅनल बदलून ३६ करून पाहावं. काही टीव्ही मधली किंवा वरची चॅनलं ओळखत नाहीत आणि ३६ वर आणताच नाव दिसू लागतं.

मग सिग्नल मोजायचा. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय मोजणारी ॲप फुकट मिळतात. ती सिग्नल डीबीएम या एककात आणि नेहमी उणे आकड्यात दाखवतात. उणे ५० म्हणजे जोरदार, उणे ८० म्हणजे जवळपास संपलेला. म्हणजे उण्यापुढचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला. तीन अंकांनी आकडा वाढला की शक्ती निम्मी होते आणि दहा अंकांनी वाढला की दहावा हिस्सा उरतो. फोन धरायचा तो टीव्हीच्या मागे, खालच्या कडेपाशी. टीव्हीचा अँटेना पडद्याच्या मागच्या बाजूला असतो आणि पुढून येणाऱ्या लहरींना टीव्हीचाच धातूचा पत्रा आडवा येतो. पलंगावर बसून फोनवर दिसलेला छान आकडा टीव्हीच्या वाट्याला येतोच असं नाही.

हे आकडे दोनदा घ्यायचे : एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला, खोलीचं दार नेहमी असतं तसं ठेवून. वेग मात्र टीव्हीवरच पाहावा. यूट्यूबच्या टीव्हीवरच्या ॲपमध्ये व्हिडिओ चालू असताना मेनूतून `Stats for nerds` लावलं की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात `Connection Speed` म्हणजे येणारा वेग आणि `Buffer Health` म्हणजे पुढच्या किती सेकंदांचा साठा हाताशी आहे, ते दिसतं. हा साठा स्थिर राहत असेल तर सगळं ठीक. तो सारखा शून्याकडे घसरत असेल, तर पुढचं चक्र ठरलेलंच.

नाशिकच्या घरातले आकडे

टीव्हीच्या मागे २.४ चा सिग्नल उणे ५८ आला आणि ५ चा उणे ७४. सोळा अंकांचा फरक, म्हणजे ५ ची शक्ती २.४ च्या चाळिसाव्या हिश्शाइतकी. नुसत्या या आकड्यांवर निकाल द्यायचा तर २.४ बिनविरोध जिंकला असता.

पण वेगाचे आकडे वेगळंच सांगत होते. २.४ वर दुपारी ३१ एमबीपीएस येत होते आणि रात्री नऊला ३ ते ८ च्या मधे झोके खात होते. सिग्नल तेव्हाही उणे ५८ च होता. सिग्नल तोच आणि वेग पडलेला, हीच गर्दीची खूण. ५ वर दार उघडं असताना दुपारी आणि रात्री सारखेच, ३४ च्या आसपास. दार लावलं की ते १२ पर्यंत उतरायचे आणि कधी कधी जोडणीच सुटायची. वेळेने फरक पडत नाही पण दाराने पडतो, ही भिंतीची खूण. एकाच खोलीत दोन बँडांना दोन वेगळे आजार होते.

प्रत्येक आजाराचा उपाय वेगळा. आधी २.४ हातात घेतला. ॲपमध्ये या बँडवर सतरा नावं दिसली आणि आमचा राउटर आपणहून चॅनल ४ वर, ४० मेगाहर्ट्झ रुंदी घेऊन बसलेला होता. चॅनल ४ म्हणजे १ वाल्यांच्याही वाटेत आणि ६ वाल्यांच्याही. शिवाय शेजारी नेमके त्याच चॅनलवर असले तर ते निदान एकमेकांचं ऐकून पाळी लावतात. अर्धवट आत घुसलेल्याचं बोलणं त्यांना कळत नाही, तो त्यांना आणि ते त्याला नुसता गोंगाट वाटतात. राउटरच्या पानावर `Channel Width` २० मेगाहर्ट्झ केली आणि त्यातल्या त्यात मोकळं असलेलं चॅनल ११ निवडलं. २.४ वर रुंदी निम्मी केल्याने कागदावरचा वेग घटतो, पण प्रत्यक्षात रात्रीचा वेग ३ ते ८ वरून १२ ते १५ वर आला. फुल एचडी मॅचला एवढा पुरतो. त्या रात्री सामना दोनदाच अडकला.

मग ५ कडे वळलो. तिथे चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ होती. राउटरची ताकद ठरलेली असते. रुंद चॅनलवर तीच ताकद पातळ पसरते आणि ऐकणाऱ्याच्या कानात गोंगाटही अधिक शिरतो. जवळच्या लॅपटॉपला त्याने काही होत नाही, पण काठावरच्या टीव्हीला होतं. रुंदी ४० केली. ॲपमधला आकडा उणे ७४ च राहिला, पण दार लावल्यावर जोडणी सुटणं थांबलं आणि वेग १८ ते २२ च्या मधे स्थिरावला. चॅनल ३६ ठेवलं. ५२ ते १४४ या मधल्या चॅनलांवर राउटरला रडारवर कान ठेवावा लागतो. सुरू होण्याआधी निदान एक मिनिट ऐकायचं आणि रडारची चाहूल लागली तर जागा सोडायची, असा नियम आहे. मॅचच्या मधेच राउटरने जागा सोडली तर टीव्हीची जोडणी तुटते. ३६ ते ४८ या चॅनलांना ही अट नाही.

अडीच मीटरांचा फरक

सेटिंगांनी शक्य होतं तेवढं झालं होतं. मोठा फरक पडला तो राउटर हलवल्याने. चपलांच्या कपाटावरून तो स्वयंपाकघराच्या आड येत होता. तिथून अडीच मीटरांवर, बोळाच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीच्या उंचीवर तो लावला, तर ताणलेली दोरी मोकळ्या बोळातून जाते आणि तिच्या वाटेत फक्त झोपायच्या खोलीची भिंत उरते. फायबरची वायर आतून काचेची असते, ती तीव्र कोनात वाकवली तर निकामी होते. म्हणून ती स्वतः न ओढता कंपनीचा माणूस बोलावून सरकवली.

पुन्हा मोजलं. २.४ चा सिग्नल उणे ५८ वरून उणे ५२ झाला आणि ५ चा उणे ७४ वरून उणे ६५. भिंत आणि फ्रीज वाटेतून गेल्याचा फायदा ५ लाच अधिक झाला, कारण त्यांचा त्रासही त्यालाच अधिक होता. रात्री नऊला, दार लावून, टीव्हीवर ६० एमबीपीएसच्या आसपास स्थिर वेग आला. टीव्ही कायमचा `_5G` वर ठेवला, आणि २.४ चं नाव टीव्हीच्या यादीतून ‘विसरून’ टाकलं, म्हणजे तो आपणहून तिकडे वळणार नाही.

यातून जो अदमास निघतो तो असा. टीव्हीच्या मागे ५ चा सिग्नल उणे ६७ किंवा त्याहून चांगला असेल तर बेधडक ५ घ्यावा. उणे ६७ ते ७५ च्या मधे असेल तर रुंदी कमी करून आणि राउटर सरकवून पाहावं, मग रात्री दार लावून मोजावं. बहुतेकदा ५ च निघतो, विशेषतः दाटीच्या इमारतीत. उणे ७५ च्या पलीकडे गेला तर ५ चा हट्ट सोडून २.४ घ्यावा, २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि १, ६ किंवा ११ यांतलं सगळ्यात मोकळं चॅनल. आजूबाजूला दाटी नसलेलं एकटं घर, शेतातला बंगला किंवा कोकणातलं वाडीतलं घर असेल तर २.४ रात्रीही उत्तम चालतो. तिथे रांगच नसते.

काँक्रीटची घरं

माझी मावशी पुण्यात एका नव्या उंच इमारतीत राहते. तिथे नाशिकचा हिशोब लागू पडला नाही. मायवान पद्धतीच्या बांधकामात ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. मावशीचा टीव्ही राउटरपासून फक्त आठ मीटरवर, पण मधे अशा दोन भिंती. ५ चा सिग्नल तिथे उणे ८४. टीव्हीच्या यादीत नाव दिसायचं, पण जोडणी टिकायची नाही. यादीत नाव दिसणं आणि त्यावरून चित्र येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, कारण नाव अगदी हळू आणि सोप्या रीतीने प्रसारित होतं, तसं चित्र पाठवता येत नाही.

मावशीच्या टीव्हीला २.४ वर ठेवलं आणि एक लहान गोष्ट केली. तिच्या टीव्हीला मागून काडीसारखं स्ट्रीमिंग यंत्र लावलेलं होतं. ते पडद्याच्या पत्र्याला चिकटून बसतं आणि त्याचा सिग्नल मरतो. अशा यंत्राच्या खोक्यात बहुधा एचडीएमआयची वीतभर जोडवायर येते, ती वापरून यंत्र टीव्हीच्या कडेबाहेर काढलं. सिग्नल पाच अंकांनी सुधारला आणि फुल एचडी सुरळीत चालू लागलं. फोर-के मात्र रात्री नाहीच.

जिथे दोन्ही बँड हरतात, तिथे तिसरा मार्ग तारेचा. बहुतेक टीव्हींना मागे नेटवर्कची तार लावायची जागा असते आणि ती पुष्कळदा १०० एमबीपीएसचीच असते. हा आकडा जुनाट वाटेल, पण फोर-केला १५ लागतात हे लक्षात ठेवलं तर तो कितीतरी पुरेसा आहे. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा कुठल्याही फ्लॅटला लांबीची अडचण नाही, आणि तिला ना भिंतीचं भय ना शेजाऱ्यांच्या रांगेचं. चपटी तार भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीवरून नेता येते. तार नेणं अशक्यच असेल तर मधे दुसरा वाय-फाय जोड लावावा, पण तो टीव्हीशेजारी नको. सिग्नल जिथे मेला आहे तिथे तो मेलेलाच सिग्नल पुढे पाठवतो. राउटर आणि टीव्ही यांच्या मध्यावर, जिथे राउटरचा ५ चा सिग्नल अजून उणे ६५ च्या आत आहे, तिथे तो लावावा. मावशीकडे शेवटी तारच टाकली.

दिवाळीनंतर महिन्याभराने बाबांचा फोन आला. मॅच आता अडकत नाही, पण विकेट पडली की शेजारच्या काळेकाकांकडे आधी आरडाओरडा होतो आणि आपल्या टीव्हीवर गडी नंतर बाद होतो, ते का? ते बँडमुळे नाही, हे त्यांना सांगितलं. शेजारी केबलवर बघतात. इंटरनेटवरून येणारं चित्र वेगवेगळ्या दर्जांत बनवून, तुकडे करून, साठवून पुढे पाठवतात, आणि त्या प्रवासातच पुष्कळ सेकंद जातात. ते सेकंद राउटर कुठेही ठेवला तरी परत मिळणार नाहीत. बाबा म्हणाले, “असू दे. न थांबता दिसतं, तेवढं पुरे.”